साडेपाच तासांनी मागे पडलेली दिवाळी

घरच्या व्हिडिओंची हार्ड डिस्क संगणकाला जोडून फायली तारखेनुसार लावायला सांगितल्या, की पुष्कळदा विचित्र चित्र दिसतं. २००६ सालचं लग्न, २०१३ची मुंज आणि मागच्या वर्षीचं बारसं ही तिन्ही कार्यं एकाच रविवारी दुपारी उरकल्यासारखी एकाखाली एक येतात. तो रविवार म्हणजे कुणीतरी सगळ्या फायली जुन्या संगणकावरून या डिस्कवर आणून टाकल्या तो दिवस. नावांचाही उपयोग होत नाही. कॅमेऱ्याने दिलेलं `MVI_0412.MOV`, कॅमकॉर्डरने दिलेलं `00003.MTS`, फोनवरून आलेलं `video(7).mp4` आणि वेगवेगळ्या फोल्डरांत पाच-सहा वेळा भेटणारं `diwali`, असा सगळा प्रकार. आठ-दहा हजार फायली असल्या, तर एकेक उघडून बघून नाव देणं कुणालाच झेपणारं नाही.

हे काम संगणकाकडून करून घेता येतं. बहुतेक कॅमेरे आणि फोन चित्रीकरणाची वेळ व्हिडिओच्या फाईलच्या पोटातच लिहून ठेवतात. ती वाचायची आणि तिच्यावरून फाईलचं नाव बदलायचं, एवढीच स्क्रिप्ट लागते आणि ती एका ओळीत मावते. खरं काम त्या ओळीच्या आधीचं आहे. कुठल्या फाईलमधली कुठली तारीख खरी मानायची, हे आधी ठरवावं लागतं. भारतातल्या घरांत हा निर्णय चुकला, तर तो हमखास साडेपाच तासांनी चुकतो.

आधी तारखांचे दोन प्रकार वेगळे करू. फोल्डर उघडल्यावर दिसते ती तारीख फाईल ज्या डिस्कवर ठेवली आहे तिच्या नोंदवहीतली असते. विंडोजवर फाईल कॉपी केली, की नव्या प्रतीची ‘तयार झाल्याची’ तारीख कॉपी करण्याच्या दिवसाची पडते. ‘बदल झाल्याची’ तारीख मात्र बहुधा जुनीच राहते. म्हणून कित्येक फायली बदलल्या आधी आणि तयार झाल्या नंतर, असं दिसतं. तीच फाईल ईमेल किंवा ऑनलाइन साठवणीतून उतरवून घेतली, तर दोन्ही तारखा नव्या होऊ शकतात. दुसरी तारीख फाईलच्या आत, चित्र आणि आवाजाच्या शेजारी, मेटाडेटामध्ये लिहिलेली असते. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का वेगळा आणि आतल्या पत्रावर घातलेली तारीख वेगळी, तसं हे आहे. फाईल दहा वेळा कॉपी केली, तिचं नाव बदललं, तरी आतली तारीख हलत नाही.

एमपी४ आणि एमओव्ही या आज घराघरांत असलेल्या दोन्ही प्रकारांची रचना अ‍ॅपलने १९९१ मध्ये आणलेल्या क्विकटाइमवरून आलेली आहे. क्विकटाइमने तारीख मोजण्याची पद्धत जुन्या मॅकिंटॉशकडून घेतली. १ जानेवारी १९०४च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, तो आकडा लिहायचा. फाईलमध्ये दिवस, महिना, वर्ष असं काही नसतं, हा एकच आकडा असतो. नियमानुसार तो जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत मोजायचा असतो. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे चालतं.

याचा परिणाम एका फाईलवर पाहू. २०२१ मध्ये नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान ४ नोव्हेंबरला होतं. समजा, पुण्यातल्या एका घरात त्या पहाटे अ‍ॅन्ड्रॉइड फोनवर उटण्याचा आणि दिव्यांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. पुढे तो कुणीतरी `diwali (3).mp4` या नावाने संगणकावर ठेवला आणि २०२३च्या मे महिन्यात नव्या डिस्कवर हलवला. या फाईलमधल्या सगळ्या तारखा पाहायला एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. कॅनडातले फिल हार्वे तो २००३पासून सांभाळत आले आहेत. कमांड अशी:

```
exiftool -time:all -G1 -a -s "diwali (3).mp4"
```

आणि उत्तर साधारण असं येतं:

```
[System]    FileModifyDate  : 2023:05:14 19:02:44+05:30
[QuickTime] CreateDate      : 2021:11:03 23:20:10
[QuickTime] ModifyDate      : 2021:11:03 23:20:10
[Track1]    TrackCreateDate : 2021:11:03 23:20:10
```

पहिली ओळ डिस्कची आहे, ती सोडून द्यायची. बाकीच्या तिन्ही ओळी फाईलच्या आतल्या आहेत आणि त्या एकमुखाने ३ नोव्हेंबर, रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं सांगतात. फाईलमध्ये प्रत्यक्ष लिहिलेला आकडा ३७१ कोटी ८८ लाख २६ हजार ४१० सेकंदांचा आहे आणि यूटीसीच्या हिशेबाने तो अचूक आहे. त्यात साडेपाच तास मिळवले, की ४ नोव्हेंबर, पहाटे ४ वाजून ५० मिनिटं १० सेकंद ही खरी वेळ मिळते. हे साडेपाच तास न मिळवता नाव बदललं, तर अभ्यंगस्नान आदल्या रात्री जाऊन बसतं.

दुपारच्या व्हिडिओची तारीख या चुकीने बदलत नाही, फक्त वेळ बदलते, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या व्हिडिओंचा मात्र दिवसच बदलतो. आपल्याकडे नेमक्या याच वेळेत बरंच काही चित्रित होतं. रात्री बाराचा वाढदिवसाचा केक, लांबलेलं गणपती विसर्जन, काकडआरती, पहाटेची विमानतळावरची पाठवणी, दिवाळीची पहाट. तारखेच्या दृष्टीने सगळ्यांत जपायचे व्हिडिओ नेमके या फटीत सापडतात.

एक्झिफटूल आपणहून हे साडेपाच तास मिळवत नाही, कारण सगळे कॅमेरे नियम पाळत नाहीत. बऱ्याच कॅमेऱ्यांना आपण कुठल्या देशात आहोत हे ठाऊक नसतं. त्यांना यूटीसी कळायचं कुठून? मालकाने घड्याळात जी वेळ लावली असेल तीच ते त्या जागी लिहून मोकळे होतात. त्यामुळे एकाच घरच्या डिस्कवर दोन प्रकारच्या फायली असतात. फोनच्या बहुतेक फायली यूटीसीतल्या आणि जुन्या छोट्या कॅमेऱ्याच्या कित्येक फायली भारतीय वेळेतल्या. आकड्याकडे पाहून हा फरक ओळखता येत नाही. `2021:11:03 23:20:10` हे दोन्हीपैकी काहीही असू शकतं.

मग ओळखायचं कसं? सगळ्यांत खात्रीचा पुरावा त्याच उपकरणाच्या दुसऱ्या फाईलमध्ये मिळतो. आपल्या उदाहरणातल्या फोनचा एखादा व्हिडिओ मूळ नावाने कुठेतरी राहिलेला असतोच, उदाहरणार्थ `VID_20211104_071530.mp4`. हे नाव फोनने स्थानिक वेळेवरून दिलेलं आहे, सकाळी सव्वासातचं. आतली तारीख पाहिली तर ४ नोव्हेंबर, १ वाजून ४६ मिनिटं ४० सेकंद निघते. दोहोंत साडेपाच तासांना जेमतेम मिनिटभर कमी एवढा फरक आहे. तो अर्धा तास दिसला की शंका राहत नाही, हा फोन यूटीसी लिहितो. उरलेली सत्तर सेकंदं म्हणजे व्हिडिओची लांबी. काही फोन चित्रीकरण सुरू झाल्याची वेळ नावात घालतात आणि संपल्याची वेळ आत लिहितात. क्रम लावायला एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. एका अपवादाची आठवण मात्र ठेवावी. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये `PXL_` ने सुरू होणाऱ्या नावातली वेळही यूटीसीतलीच असते, तेव्हा तिथे नाव आणि आतली तारीख जुळली म्हणून ती भारतीय वेळ समजू नये.

कॅमेऱ्याच्या नावात तारीख नसते. तिथे त्याच समारंभात त्याच कॅमेऱ्याने काढलेला फोटो कामाला येतो. फोटोमध्ये कॅमेऱ्याच्या घड्याळातली वेळ जशीच्या तशी लिहिलेली असते. पाठोपाठ काढलेल्या फोटोत संध्याकाळचे सात आणि व्हिडिओत दुपारचा दीड असेल तर व्हिडिओ यूटीसीत आहे. दोन्हीत सातच असतील तर नाही.

आयफोनने या प्रश्नाचं चांगलं उत्तर दिलं आहे. तो सेकंदांच्या आकड्याशिवाय `CreationDate` नावाची आणखी एक नोंद करतो आणि तीत स्थानिक वेळेबरोबर यूटीसीपासूनचं अंतरही लिहितो, `2022:12:24 20:30:00-05:00` असं. ज्या घरातली मुलं परदेशात आहेत, त्यांना याची किंमत कळेल. न्यू जर्सीत २४ डिसेंबरच्या रात्री साडेआठला नातवाने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा पुण्यात २५ तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतात. आयफोनच्या फाईलला पाऊल जिथे पडलं तिथली तारीख ठाऊक असते. फक्त यूटीसी लिहिणाऱ्या फोनचा तोच व्हिडिओ पुण्यातल्या संगणकावर बदलला, तर नाताळच्या सकाळचा होतो. परदेशातून आलेल्या अशा फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. त्यांची कमांड चालवण्यापुरतं संगणकाचं टाइम झोन तिकडचं करावं.

आता कामाला लागू. पहिली पायरी प्रत काढण्याची आहे. मूळ डिस्क बाजूला ठेवून दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवून घ्यावं आणि जे काही करायचं ते त्या प्रतीवर करावं. विंडोजवर एक्झिफटूल उतरवलं, की त्याचं नाव `exiftool(-k).exe` असं असतं, ते बदलून `exiftool.exe` करावं. सोबत आलेलं `exiftool_files` हे फोल्डर त्याच्या शेजारीच राहू द्यावं. पुढच्या कमांड विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायच्या आहेत. फोल्डरांची नावं देवनागरीत असतील, ‘गणपती २०१६’ अशी, तर प्रत्येक कमांडमध्ये `-charset filename=utf8` जोडणं बरं. नाहीतर ती फोल्डरं वगळली जाण्याची शक्यता असते.

दुसरी पायरी यादीची. ती पुष्कळ लोक गाळतात आणि मग पस्तावतात.

```
exiftool -r -csv -Model -CreationDate -CreateDate -DateTimeOriginal -Duration . > yadi.csv
```

ही कमांड आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरून प्रत्येक फाईलच्या तारखा वाचते आणि एक तक्ता बनवते. तो एक्सेलमध्ये उघडता येतो. कुठल्याही फाईलला ती हात लावत नाही. तक्ता तारखेच्या रकान्यानुसार लावला, की डिस्कची कुंडली समोर येते. काही ओळींत रकाना रिकामा असतो, काहींत `0000:00:00 00:00:00` असतं. एखाद्या जुन्या फाईलची तारीख १९०४ किंवा १९७० दाखवते. ही वर्षं मोजणीच्या आरंभाची आहेत. उपकरणाने तारखेच्या जागी शून्य किंवा शून्याच्या जवळचं काहीतरी लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. एकाच दिवशी शेकडो फायली दिसल्या तर त्या एखाद्या प्रोग्रॅममधून रूपांतर करून घेतलेल्या असण्याचा संभव मोठा. तिथे आतली तारीखही रूपांतराचीच असते.

या तक्त्यावरून फायलींचे ढीग करायचे. यूटीसी लिहिणाऱ्या फोनांच्या फायली एका फोल्डरमध्ये, स्थानिक वेळ लिहिणाऱ्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्यात, कॅमकॉर्डरच्या एमटीएस फायली तिसऱ्यात, आणि शून्य, रिकामी किंवा संशयास्पद तारीख असलेल्या सगळ्या चौथ्यात. एक संध्याकाळ या वाटणीला दिली, तर पुढचं काम मिनिटांचं उरतं.

फोनच्या फोल्डरवर चालवायची कमांड अशी:

```
exiftool -r -api QuickTimeUTC -ext mp4 -ext mov -d "%Y-%m-%d_%H-%M-%S_%%f%%-c.%%le" "-TestName<CreateDate" "-TestName<CreationDate" phone > badal.txt
```

हिच्यातला एकेक भाग समजून घेण्यासारखा आहे. `-api QuickTimeUTC` म्हणजे आतली वेळ यूटीसीतली धरून तिचं संगणकाच्या स्थानिक वेळेत रूपांतर कर. साडेपाच तासांची गोष्ट इथे मिटते. `-d` च्या पुढे नव्या नावाचा साचा आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ. वर्ष पुढे असल्यामुळे नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी घातला, तर प्रत्येक महिन्याच्या एक तारखा एकत्र गोळा होतील. `%%f` जुनं नाव शेवटी जोडतं. ते नाव जाऊ देऊ नये. कारण ‘आजी पंच्याहत्तरी’ असं कुणी हाताने लिहून ठेवलं असेल, तर ती माहिती फाईलच्या पोटात कुठेच नसते. `%%-c` एकाच फोल्डरमध्ये दोन फायलींचं नाव अगदी सारखं झालं तर दुसरीला क्रमांक लावतं आणि `%%le` शेवटचं `.MP4` लहान अक्षरांत करतं. दोन तारखा मागितल्या आहेत, त्यांत नंतरची वरचढ ठरते. म्हणजे आयफोनची `CreationDate` असेल तर ती, नसेल तर साधी `CreateDate`. ती अवतरणचिन्हं गाळली, तर `<` या चिन्हाचा कमांड प्रॉम्प्ट वेगळाच अर्थ लावतो आणि कमांड चालत नाही. हीच ओळ बॅच फाईलमध्ये साठवून ठेवायची असेल, तर त्यातलं प्रत्येक `%` दुप्पट करावं लागतं.

सगळ्यांत महत्त्वाचा शब्द `TestName`. याने नाव बदलत नाही. काय बदललं असतं, त्याची फक्त यादी `badal.txt` मध्ये लिहिली जाते. तीत आपला व्हिडिओ असा दिसतो:

```
'phone/diwali (3).mp4' --> 'phone/2021-11-04_04-50-10_diwali (3).mp4'
```

ही यादी घाई न करता वाचावी. ज्यांची तारीख घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, असे पाच-सहा प्रसंग शोधावेत, लग्न, मुंज, एखादा वाढदिवस, आणि ते योग्य दिवशी पडले आहेत का ते पाहावं. मग वेळेकडे बघावं. शाळेचं स्नेहसंमेलन भर दुपारच्या उन्हात चाललं आहे आणि नावात सकाळचे साडेआठ, तर साडेपाच तास मिळवायचे राहिले. संध्याकाळी आठला कापलेला केक दुसऱ्या दिवशीच्या रात्री दीडला गेला, तर मुळात स्थानिक असलेल्या वेळेत साडेपाच तासांची भर पडली आणि ती फाईल चुकीच्या ढिगात आली. उन्हाची तिरीप, भिंतीवरचं घड्याळ, मागे टीव्हीवर चाललेल्या बातम्या, एवढ्यावरून पडताळा होतो. यादी पटली, की त्याच कमांडमध्ये दोन्ही ठिकाणी `TestName` च्या जागी `FileName` लिहावं आणि शेवटचं `> badal.txt` काढून टाकावं. आधीची यादी जपून ठेवावी. पुढे कधी काही उलटवायचं झालं, तर कुठल्या फाईलचं आधीचं नाव काय होतं, हे तिच्यातच सापडेल.

एक्झिफटूल नाव बदलताना आधीपासून असलेल्या फाईलवर दुसरी लिहीत नाही, अडून बसतं. आपण पायथनमध्ये स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असू, तर याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. मॅक आणि लिनक्सवर पायथनचं `os.rename` त्या नावाची जुनी फाईल गुपचूप पुसून तिथे नवी ठेवतं. दोन कॅमेऱ्यांनी एकाच सेकंदाला काढलेले दोन व्हिडिओ असले, तर त्यातला एक कायमचा जातो.

कॅमेऱ्याच्या ढिगासाठी हीच कमांड, फक्त `-api QuickTimeUTC` वगळून आणि फोल्डरचं नाव बदलून. कॅमकॉर्डरच्या एमटीएस फायलींत तारीख `DateTimeOriginal` या नावाने असते आणि ती कॅमेऱ्याच्या घड्याळातलीच असते, म्हणून तिथे `-ext mts` आणि `"-TestName<DateTimeOriginal"` एवढा बदल. या फायली काही टीव्हींवर चालत नाहीत म्हणून त्यांचं एमपी४ करून घेण्याकडे कल असतो. तो करावा, पण नावं बदलून झाल्यावर. रूपांतरात आतली मूळ तारीख बहुधा जाते, फाईलच्या नावातली राहते.

कॅमकॉर्डरचं आणखी एक दुखणं म्हणजे घड्याळाची छोटी बॅटरी. ती संपली, की कॅमेरा दर खेपेला कारखान्यातल्या तारखेपासून सुरुवात करतो आणि मालकाला पत्ताच नसतो. यादीत अशा फायली १ जानेवारीला, मध्यरात्रीच्या आसपास गर्दी करून दिसतात. या तारखा खोट्या असल्या तरी एकमेकींशी प्रामाणिक असतात, म्हणजे एका बैठकीतल्या फायलींमधलं अंतर बरोबर असतं. तेव्हा एका फाईलची खरी वेळ कळली, की सगळ्यांची कळते. समजा, कॅमकॉर्डरच्या एका फाईलमध्ये १ जानेवारी २००८, ००:१४:३० अशी वेळ आहे आणि चित्रात गणपतीची स्थापना चालली आहे. तीच स्थापना घरातल्या कुणाच्या फोनवरही आहे आणि दोन्हींत आरतीची पहिली टाळी ऐकू येते. ती टाळी जुळवून कॅमकॉर्डरच्या फाईलची खरी वेळ निघाली ५ सप्टेंबर २०१६, सकाळचे १०:४४:३०. या दोन क्षणांमध्ये ३१७० दिवस आणि साडेदहा तासांचं अंतर आहे. कमांडमध्ये एवढं जोडायचं:

```
-globalTimeShift "0:0:3170 10:30:0"
```

तीन आकडे वर्ष, महिना, दिवस असे आहेत. सगळं अंतर दिवसांतच द्यावं, कारण महिने लहानमोठे असतात. या पर्यायाचा फायदा असा, की फाईलच्या आतलं काहीच बदलत नाही, वाचताना तेवढी भर घातली जाते. एमटीएस फायलींच्या बाबतीत दुसरा मार्गही नाही, कारण एक्झिफटूल त्या वाचू शकतं, त्यांच्यात लिहू शकत नाही. बॅटरी मेलेल्या कॅमेऱ्याची प्रत्येक बैठक मात्र वेगळी. गणपतीचं अंतर दसऱ्याला लावून चालणार नाही.

शेवटी चौथा ढीग उरतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले व्हिडिओ सर्वाधिक असतात. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ नव्याने आवळून पाठवतं आणि त्या प्रक्रियेत मूळ चित्रीकरणाची वेळ टिकत नाही. अ‍ॅन्ड्रॉइडवर `VID-20190412-WA0007.mp4` असं नाव मिळतं. त्यातला १२ एप्रिल २०१९ हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याचा किंवा गेल्याचा दिवस असतो. लग्नाचा व्हिडिओ मामांनी तीन आठवड्यांनी पाठवला, तर नावात तीन आठवड्यांनंतरची तारीख. म्हणून ही तारीख वापरायची झाली, तर नावात `WA` तसंच राहू द्यावं. पुढे पाहणाऱ्याला कळेल, की ही तारीख या दिवशी किंवा त्याआधी एवढंच सांगते. शक्य असेल तिथे ज्याने तो काढला, त्याच्याकडून मूळ फाईल केबलने किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. चित्रही जास्त स्पष्ट मिळतं आणि तारीखही.

व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेल्या फायलींत शोधण्यासारखं काही नसतं. त्या टेपवर तारखेची वेगळी नोंद होतच नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात छापलेले आकडे असतील तर तेवढेच. मिनीडीव्ही कॅसेटचं तसं नाही. २००० च्या आसपास घरांत आलेल्या या छोट्या कॅसेटींवर प्रत्येक चित्रचौकटीबरोबर कॅमेऱ्याच्या घड्याळातली तारीख आणि वेळ नोंदलेली असते. फायरवायर केबलने ती टेप जशीच्या तशी डीव्ही फाईल म्हणून उतरवली, तर ही नोंद फाईलमध्ये येते आणि एक्झिफटूल ती `DateTimeOriginal` म्हणून वाचतं. त्याच कॅसेटची दुकानातून डीव्हीडी करून घेतली, तर ही नोंद तिथेच संपते आणि हाती डीव्हीडी बनवल्याची तारीख उरते. ज्यांच्या कपाटात मिनीडीव्ही कॅसेट अजून पडून आहेत, त्यांनी डीव्हीडीवर भागवू नये. फायरवायर असलेला जुना संगणक आणि चालू स्थितीतला कॅमकॉर्डर मिळवावा. दोन्ही वस्तू दर वर्षी दुर्मिळ होत चालल्या आहेत.

ज्यांची तारीख कुठूनच निघत नाही, त्यांची नावं हाताने द्यावी लागतात. तिथे खोटी नेमकी तारीख घालण्यापेक्षा जेवढं ठाऊक तेवढंच लिहावं. साल माहीत असेल तर `1997_mama-lagna`, महिनाही माहीत असेल तर `1997-05_mama-lagna`. अशी नावंही त्या-त्या वर्षाच्या फायलींबरोबर लागतात आणि पूर्ण तारखेच्या फायलींपासून ओळखू येतात. साल ठरवताना कॅसेटवरचं लेबल, लग्नपत्रिका, दारात उभी असलेली नवी स्कूटर आणि मांडीवरच्या बाळाचं वय, असा सगळा पुरावा चालतो. हा ढीग दोन-तीनशे फायलींचा असला, तरी तो मोठ्या माणसांना शेजारी बसवून, टीव्हीवर लावून करावा. त्यातले निम्मे चेहरे त्यांनाच ओळखता येतात, आणि फाईलच्या नावात ‘कोण’ हेही त्याच वेळी लिहून टाकता येतं.